मेनू बोर्डच्या स्क्रीनसाठी इन्स्टॉलरला पत्र लिहितोय, पाठवायच्या आधी जरा बघा

रस्सातर्री

नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं मिसळ आणि स्नॅक्सचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. काउंटरच्या मागे फ्लेक्सचा मेनू लावलाय आणि भाव बदलला की त्यावर नवा स्टिकर चिकटवतो, आता स्टिकरवर स्टिकर बसून मिसळीचा भाव फ्लेक्सच्या बाहेर फुगून आलाय आणि तेलकट झाल्यामुळे कडा सुटतात त्या वेगळ्याच. म्हणून स्क्रीन लावायचं ठरवलं. एका इन्स्टॉलरला फोन केला तर ते म्हणाले काय हवंय ते व्यवस्थित लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मग कोटेशन देतो. मी हे लिहिलंय:

"नमस्कार साहेब, आमच्या दुकानात मेनूसाठी ३२ इंची २ एलईडी स्क्रीन बसवायच्या आहेत. मेनूत एकूण ४६ पदार्थ आहेत. स्क्रीन चांगल्या कंपनीच्या आणि फोरके असाव्यात, पेनड्राइव्हवर चालाव्यात. फिटिंग आणि वायरिंगसह कमीत कमी दर कळवावा."

अजून काय लिहू? की एवढं पुरे?

फोरके_फॅन

पुरे की. फक्त दुकानासाठीच्या वेगळ्या कमर्शियल डिस्प्लेच्या नादी लागू नका, तेवढ्याच इंचाचा घरचा टीव्ही जवळजवळ निम्म्या किमतीत येतो. सेलमध्ये घ्या आणि लोकल माणसाकडून ठोकून घ्या. आणि फोरके घेताय ते बरंच आहे, अक्षरं शार्प दिसतात त्यामुळे ४६ पदार्थ ३२ इंचात आरामात बसतील.

पाना_पक्कड

मी पुण्याकडे हेच फिटिंगचं काम करतो त्यामुळे अशी पत्रं रोज येतात. रस्सातर्रीभाऊ, तुमच्या पत्रात स्क्रीन आहे पण दुकान कुठंच नाही. इंच आणि कंपनी आम्ही ठरवू शकतो, गिऱ्हाईक कुठं उभं राहतं ते तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही.

फोरकेभाऊ, शार्प आणि मोठं यात फरक आहे. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्याची शेवटची ओळ कितीही शार्प छापली तरी लांबून दिसते का? आपण साधा हिशोब करू. बोर्डवरचं अक्षर आरामात वाचायला १० फुटाला साधारण १ इंच उंची धरतात, म्हणजे वेलांटी-उकार सोडून नुसत्या अक्षराची. ३२ इंची टीव्हीची उंची असते पावणेसोळा इंच. वर हेडिंग आणि खाली-वर मोकळी जागा गेली की हातात राहतात १२ इंच. ४६ पदार्थ २ स्क्रीनवर म्हणजे एकीवर २३, दोन कॉलम केले तरी १२ ओळी. म्हणजे एका ओळीला १ इंच, आणि त्यात मात्रांची जागा सोडून अक्षर उरतं जेमतेम अर्धा इंच. ते वाचता येणार ५ फुटांवरून. भाऊ, तुमच्या भिंतीपासून काउंटरची गिऱ्हाईकाकडची कडच किती फुटांवर आहे?

रस्सातर्री

मोजून आलो, ४ फूट. रविवारी लाइन लागते तेव्हा तिसरा-चौथा माणूस १२ फुटांवर असतो. म्हणजे जो पैसे द्यायला पुढे आलाय त्यालाच वाचता येणार, मागच्यांना नाही?

पाना_पक्कड

बरोबर. आणि पुढे आलेला माणूस मग तिथं उभा राहून मेनू वाचत बसणार आणि मागची लाइन खोळंबणार. मागच्यानं उभ्या उभ्या ठरवून पुढं यावं म्हणून तर बोर्ड असतो.

१२ फुटाला सव्वा इंचाचं अक्षर धरा. ४३ इंची स्क्रीन साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असते. हेडिंग आणि मार्जिनचे ४ इंच सोडले की १७ इंच, मराठी ओळीला अडीच इंचाच्या जवळपास लागतात, म्हणजे ७ ओळी. दोन कॉलम म्हणजे एका स्क्रीनवर १४ पदार्थ. आता सांगा, ४६ च्या ४६ पदार्थ दिवसभर दाखवायची गरज आहे का?

रस्सातर्री

नाही खरंतर. मिसळ, पोहे, उपमा दुपारी १ ला बंद होतं आणि भेळ, भजी, दाबेली ४ नंतर चालू. वडापाव, चहा, ताक वगैरे दिवसभर. आत्ता मोजलं तर सकाळचे ३१ होतात आणि संध्याकाळचे ३४. फ्लेक्सवर सगळंच एकत्र असल्यामुळे संध्याकाळी ६ ला लोक मिसळ मागतात आणि नाही म्हटलं की तोंड वाकडं करतात.

पाना_पक्कड

मग ३ स्क्रीन ४३ इंची, ४२ जागा, त्यात ३४ पदार्थ आणि उरलेल्या जागेत मिसळीचा एक फोटो. हे पत्रात घाला, "सकाळची यादी वेगळी, संध्याकाळची वेगळी, आपोआप बदलली पाहिजे". हे एक वाक्य आलं की नुसत्या टीव्हीत पेनड्राइव्ह खोचून काम भागणार नाही, घड्याळावर चालणारा प्लेअर लागेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

वेलांटी

मी अक्षरजुळणी आणि मेनू डिझाइनचं काम करते, पानाभाऊंनी ओळीला अडीच इंच धरले ते योग्य आहे. इंग्रजी मेनूचं टेम्प्लेट घेऊन त्यात मराठी ओतलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकतो, 'साबुदाणा'च्या खाली 'थालीपीठ' आलं की बघा. मग डिझायनर अक्षर बारीक करतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

दुसरं, फार बारीक रेघांचा फॅन्सी फॉन्ट नको. आणि काही स्वस्त बॉक्समधल्या अ‍ॅपमध्ये थेट मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात. 'तर्री'तला रफार सुटून 'तर् री' असं दिसलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, नाशिकमध्ये असं तर्रीचं केलं तर कसं चालेल! पानं इमेज करून टाकली तर हा प्रश्न येत नाही पण मग प्रत्येक भाव बदलाला इमेज नवीन करावी लागते. तेव्हा ट्रायलमध्ये 'एक्स्ट्रा तर्री', 'कोल्ड्रिंक' आणि रुपयाचं चिन्ह टाइप करून बघा आणि मगच हो म्हणा.

जागरूक_नाशिककर

मेनू मराठीतच ठेवा बरं का, नाहीतर दंड होईल. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी बंधनकारक आहे.

पाना_पक्कड

दादा ते दुकानाच्या नावाच्या पाटीबद्दल आहे, बाहेरच्या. नाव मराठी देवनागरीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असं. आतल्या मेनूशी त्याचा संबंध नाही. त्यांचा मेनू तसाही मराठीतच आहे.

रस्सातर्रीभाऊ, दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला?

रस्सातर्री

पश्चिमेला, रस्त्यावर. शटर पूर्ण उघडं असतं. संध्याकाळी ऊन थेट काउंटरपर्यंत येतं.

पाना_पक्कड

हे पत्रात सगळ्यात वर पाहिजे. घरातले साधे टीव्ही बैठकीच्या खोलीच्या उजेडासाठी बनवलेले असतात, बऱ्याच मॉडेलची ब्राइटनेस २५० ते ३०० निट्सच्या आसपास. दुकानासाठीचे डिस्प्ले ३५० पासून ५०० पर्यंत सहज मिळतात, त्यातही ५०० वाल्यांचा पृष्ठभाग बऱ्याचदा मॅट असतो. काचेला तोंड करून रस्त्यावरच्यांना दाखवायच्या स्क्रीन २५०० निट्सच्या वगैरे असतात, त्या तुम्हाला नकोत.

पण आकड्याच्या आधी एक करून बघा. संध्याकाळी ५ वाजता जिथं स्क्रीन येणार तिथं कुणालातरी स्टुलावर चढवून घरातला आरसा धरायला लावा आणि तुम्ही लाइनीत जिथं गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभे राहा. आरशात ऊन पडलेला रस्ता दिसला तर स्क्रीनमध्येही तोच दिसणार, मेनूच्या वर. मग आरशाचं वरचं टोक थोडं पुढे झुकवा. प्रतिबिंब खाली सरकून फरशी किंवा काउंटर दिसायला लागलं की तेवढा तिरकेपणा ब्रॅकेटमध्ये मागा. साधारण १० अंशात काम होतं, पण सरळ भिंतीला चिकटणारा फिक्स ब्रॅकेट आला की हे जमत नाही, म्हणून 'टिल्ट ब्रॅकेट' हा शब्द लिहाच.

आणि काळ्या बॅकग्राउंडवर सोनेरी अक्षरं हा जो सगळीकडे प्रकार चाललाय तो एसी कॅफेत छान दिसतो. उघड्या शटरच्या दुकानात काळा भाग म्हणजे आरसाच. फिकट बॅकग्राउंड आणि गडद अक्षर ठेवा, प्रतिबिंब बरंच दबतं.

सोनचाफा

माझं साडीचं दुकान आहे ठाण्याला, मला शोकेसमध्ये उभा टीव्ही लावून साड्यांचे व्हिडिओ दाखवायचेत. घरातला जुना ५५ इंची आहे तो उभा लावला तर चालेल का?

पाना_पक्कड

ताई, घरचा टीव्ही उभा करू नका. त्याच्या पाठीमागच्या जाळ्या आडव्या ठेवण्याच्या हिशोबानं असतात, उभा केला की गरम हवा नीट बाहेर जात नाही आणि शोकेसमध्ये तर ती कोंडतेच. शिवाय तुमचं काचेकडे तोंड, उन्हात साडीचा रंगच दिसणार नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथं सांगतो.

स्टिकरवाले_काका

मी उलट बाजूनं बोलतो. ४६ पदार्थांसाठी तीन स्क्रीन, प्लेअर, वायरिंग, वर सॉफ्टवेअरचं दर महिन्याचं भाडं, हे कशाला? मागून उजेडाचा बोर्ड करा आणि भावाच्या सरकवायच्या पट्ट्या ठेवा. लाइट गेली तरी वाचता येतो. वर्षातून दोनदा भाव बदलणाऱ्या माणसाला स्क्रीन म्हणजे हौस आहे.

रस्सातर्री

काका वर्षातून दोनदा नाही हो, कांदा आणि तेल वर गेलं की भजी-वड्याचा भाव हलतो. शिवाय चतुर्थी, एकादशीला उपवासाचे पदार्थ वाढवतो तेव्हा खडूनं पाटी लिहून दारात ठेवावी लागते. पण लाइटचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडे जाते अधूनमधून.

पाना_पक्कड

काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, एकच यादी दिवसभर असेल तर मीही गिऱ्हाईकाला तेच सांगतो. इथं यादी दिवसातून दोनदा बदलतेय म्हणून स्क्रीनला अर्थ आहे.

लाइट जाऊन आल्यावर काय होतं हा घरच्या टीव्हीचा सगळ्यात मोठा ताप आहे. बरेच टीव्ही लाइट आली तरी रिमोट दाबेपर्यंत झोपलेलेच राहतात, किंवा चालू होतात ते अ‍ॅप्सच्या होम स्क्रीनवर. आणि काही टीव्ही ४ तास रिमोटला हात लागला नाही की आपोआप बंद होतात, वीज वाचवायची सेटिंग असते ती. गिऱ्हाईक मला फोन करून सांगतं रोज ११ च्या सुमाराला टीव्ही खराब होतो. खराब काही नसतं, ७ ला शटर उघडलेलं असतं. ती सेटिंग बंद करता येते का ते मॉडेलवर आहे.

म्हणून पत्रात कंपनीचं नाव नको, वागणूक लिहा. "लाइट येताच कुणी हात न लावता मेनू परत दिसला पाहिजे." आणि डेमोला त्यांच्यासमोर प्लग काढा, मिनिटभरानं परत लावा आणि हाताची घडी घालून बघा.

फोरके_फॅन

मी तरी अजून म्हणतो, घरचा टीव्ही घ्या, ती सेटिंग बदला, आणि वाचलेल्या पैशात तीन वर्षांनी नवा घ्या. कमर्शियलवाल्याला मार्केटिंगचे पैसे का द्यायचे.

पाना_पक्कड

सावलीतलं दुकान आणि दिवसाचे ८ तास असते तर मी तुमच्या बाजूनं बोललो असतो. यांचे आहेत सकाळी ७ ते रात्री १० आणि समोर पश्चिमेचं ऊन. शिवाय घरगुती टीव्हीच्या वॉरंटी कार्डावर दुकानातल्या वापराला वॉरंटी नाही अशी ओळ बऱ्याचदा असते, ती वाचून घ्या. फक्त ओएलईडी घेऊ नका कुणी, एकच मेनू एवढे तास उभा राहिला तर डाग कायमचे उमटतात. बाकी दोन्हीचे भाव मागवा ना, दोन कॉलममध्ये.

केळकर_गल्ली

माझा अनुभव सांगतो, माझं ज्यूस सेंटर आहे. ज्यानं स्क्रीन लावल्या त्यानं सॉफ्टवेअरचं लॉगिन स्वतःच्या ईमेलवर काढलं. पहिलं वर्ष छान. मग रिन्यूअलला रक्कम वाढवून सांगितली, मी नाही म्हटलं तर स्क्रीनवर ट्रायल संपल्याची पट्टी यायला लागली, मोसंबीच्या बरोबर वरून. डिझाइनची मूळ फाइलपण त्याच्याकडेच. शेवटी सगळं नव्यानं करून घेतलं. लॉगिन आपल्या नंबरवर आणि आपल्या ईमेलवर, हे पत्रात लिहून घ्याच.

रस्सातर्री

सगळ्यांचे आभार. आरसा धरून झाला, भाच्याला स्टुलावर उभा केला होता. सरळ धरल्यावर समोरच्या मेडिकलची पाटी उलटी पण स्पष्ट वाचता येत होती, झुकवल्यावर काउंटरची फरशी दिसली. ४३ इंचाच्या मापाचा रद्दी पेपर कापून भिंतीवर चिकटवला, त्यावर मार्करनं सव्वा इंचाच्या अक्षरात सात ओळी लिहिल्या आणि आईला १२ फुटांवरून वाचायला लावलं, चष्म्याशिवाय 'थालीपीठ ६०' वाचलं तिनं. आता नवीन पत्र:

"नमस्कार साहेब, आपलं फोनवर बोलणं झालं होतं त्याप्रमाणे लिहितोय. फोटो सोबत जोडलेत.

दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे, शटर पूर्ण उघडं, संध्याकाळी ४ ते ६ ऊन काउंटरपर्यंत येतं. त्या वेळेतही मेनू १२ फुटांवरून वाचता आला पाहिजे, अक्षर सव्वा इंचापेक्षा लहान नको. स्क्रीन सकाळी ७ ते रात्री १० रोज चालू राहतील.

माझ्या हिशोबानं ४३ इंची ३ स्क्रीन आडव्या, एका रांगेत, तिन्ही एकाच मॉडेलच्या. काउंटरमागची भिंत १४ फूट रुंद आहे. डावीकडे कढई आहे म्हणून डाव्या कोपऱ्यापासून ३ फूट जागा सोडून सुरुवात करावी. उजवीकडे किचनची खिडकी आहे, तिची वरची कड ६ फुटांवर, त्यातून रश्श्याची वाफ येते. स्क्रीनची खालची कड ७ फुटांवर घ्यावी, सीलिंग साडेदहा फूट आहे. ब्रॅकेट टिल्टचे, १० अंश पुढे झुकतील असे. भिंतीवर प्लायचं पॅनेल आहे, मागे विटांची भिंत. बोल्ट विटेत गेले पाहिजेत, नुसत्या प्लायवर वजन नको. येऊन ठोकून बघा आणि मगच ब्रॅकेट ठरवा.

आत्ता त्या भिंतीवर एकच प्लग आहे आणि त्यावर मिक्सर चालतो. प्रत्येक स्क्रीनमागे वेगळा प्लग आणि तिघांना मिळून वेगळा एमसीबी लागेल. तिन्ही स्क्रीन आणि प्लेअर मिळून किती वॅट ते लिहा म्हणजे आमच्या इन्व्हर्टरवर घेता येतं का ते बघतो. लाइट जाऊन आली की कुणी हात न लावता मेनू आपोआप दिसला पाहिजे.

सकाळी ७ ते १ एक यादी, १ ते ४ फक्त दिवसभराचे पदार्थ, ४ नंतर दुसरी यादी, आपोआप बदलावी. उपवासाचं पान आम्ही मोबाइलवरून लावू. भाव माझा भाचा मोबाइलवरून बदलेल. नेट बंद असलं तरी शेवटचा मेनू दिसत राहिला पाहिजे. सॉफ्टवेअरचं लॉगिन माझ्या नंबरवर, आणि डिझाइनच्या मूळ फाइल आम्हाला मिळाव्यात.

कोटेशन दोन प्रकारे द्या, घरगुती टीव्ही आणि कमर्शियल डिस्प्ले, दोन्हीत ब्राइटनेस आणि दुकानातल्या वापराला वॉरंटी आहे की नाही ते लिहा. स्क्रीन, ब्रॅकेट, प्लेअर, वायरिंग आणि सॉफ्टवेअरचा वर्षाचा खर्च वेगवेगळा. जीएसटी धरून सांगा, आम्हाला क्रेडिट मिळत नाही. डेमो शक्यतो संध्याकाळी ५ ला दुकानातच द्या."

वेलांटी

छान झालंय. फक्त यादी आत्ताच एक्सेलमध्ये करून सोबत जोडा, नावं जशी दिसायला हवीत तशीच टाइप करून. डिझायनर फ्लेक्सचा फोटो बघून टाइप करायला बसला की 'साबूदाना' आणि 'मिसल' झालंच म्हणून समजा.

पाना_पक्कड

असं पत्र मला आलं तर मी चक्कर न मारताच अर्धं कोटेशन बनवीन. एकच राहिलंय, वाफ आणि तेल. खिडकीच्या वरची स्क्रीन बाकी दोघींच्या आधी चिकट होणार. पाठीमागे हात जाईल एवढी फट ठेवायला सांगा म्हणजे जाळ्या ब्रशनं साफ करता येतील. पुढून पुसायला मायक्रोफायबर किंचित ओला करून, काचेचा स्प्रे थेट मारू नका, खालच्या कडेनं आत उतरतो. खिडकीवर एक्झॉस्ट आहे का?

रस्सातर्री

कढईवर आहे, खिडकीवर नाही. तिथं बसवायचा म्हटलं तर डक्ट शेजारच्यांच्या बाजूनं न्यावा लागेल आणि त्यांच्याशी सध्या बोलणं बंद आहे.

स्टिकरवाले_काका

बघा, मेनू बदलायला निघालात आणि निघाला डक्टचा खर्च.

फोरके_फॅन

दोन्ही कोटेशन आली की इथं टाका, फरक किती निघतो ते बघायचंय मला.

पाना_पक्कड

डक्ट होत नसेल तर तिन्ही स्क्रीन डावीकडे सरकवण्यापेक्षा खिडकीला झुलती झडप करा, ताट सरकवलं की परत बंद. वाफ पूर्ण थांबणार नाही पण सरळ वर चढणार नाही. आणि त्या एका स्क्रीनच्या सफाईचा वार ठरवून ठेवा.

रस्सातर्री

झडपेचं सुताराला विचारतो. पत्र आणि एक्सेल आत्ताच पाठवलं, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.